शिट्टी उचलली, वाफ आली नाही, म्हणून झाकण उघडलं

कुकरच्या अपघाताबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा ‘कुकर फुटला’ असं म्हणतो. भाजण्याच्या पुष्कळ घटनांमध्ये मात्र कुकर आपोआप फुटलेला नसतो, आत दाब असताना कोणीतरी तो उघडलेला असतो. उघडणारी व्यक्ती बेफिकीर असते असंही नाही. तिने शिट्टी उचलून पाहिलेली असते, वाफ आलेली नसते, आणि दाब उतरला असा तिचा प्रामाणिक समज झालेला असतो. हा समज कुठे चुकतो ते दाखवणारं एक प्रकरण इथे तपशिलाने मांडलं आहे. ते कोण्या एका घराचं नाही. विदर्भातल्या खेड्यांत कुकरचे जे बिघाड वेगवेगळे आढळतात, ते एका स्वयंपाकघरात आणि एका संध्याकाळीत बसवले आहेत.

घर, पाणी आणि कुकर

गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं आहे, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेजवळचं. कापूस वेचणीचे दिवस आहेत. आई वेचायला गेली आहे आणि यायला अंधार होणार आहे. घरी बारावीतली मुलगी आणि तिचा नववीतला भाऊ. रात्री दोन पाहुणे जेवायला आहेत, म्हणून वरण नेहमीपेक्षा जास्त लावायचं आहे. मुलीने भाकरी, भाजी पुष्कळदा केली आहे, पण कुकर एकटीने लावण्याची ही पहिलीच वेळ.

कुकर पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, बाहेरून फिरवून बसणाऱ्या झाकणाचा, सात-आठ वर्षं वापरातला. गॅस जपून वापरायचा म्हणून तो चुलीवर चढतो आणि जळण तुराट्या-पऱ्हाट्यांचं. या जाळाचा एक गुण लक्षात ठेवायला हवा. तो भडकन पेटतो, भांड्याच्या बाजूंनी वर चढतो आणि गॅससारखा बारीक करता येत नाही. काठाशी पोचणाऱ्या ज्वाळांनी गास्केटचं रबर वर्षाच्या आत कडक होतं आणि मुठीचे स्क्रू सैल होतात.

घरातलं वापरायचं पाणी बोअरचं, खारं आणि जड. अशा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे तुरीची डाळ लवकर गळत नाही. म्हणून अनेक घरांत चिमूटभर खायचा सोडा टाकायची रीत आहे. सोड्याने डाळ लवकर मऊ होते हे खरं, पण त्यानेच डाळीला फेसही जास्त येतो. तेच पाणी रोज उकळून उकळून भांड्याच्या तळाला जसा पांढरा थर चढवतं, तसाच तो झाकणावर शिट्टी जिच्यावर बसते त्या वाफनळीच्या आतल्या अंगालाही चढतो. तळाचा थर घासताना दिसतो. नळीच्या आतला कोणी पाहत नाही.

डाळ घरच्या तुरीची, जात्यावर भरडलेली. चवीला ही डाळ उत्तमच, पण तिच्यात फोलपटं राहतात. वाफनळीचं भोक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. भिजून मऊ झालेलं एक फोलपट त्यावर आडवं बसायला पुरेसं असतं.

आधीच्या दोन दुरुस्त्या

हा अपघात त्या संध्याकाळी झाला, पण त्याची तयारी दोन वर्षं चालू होती.

कुकरला वाफ बाहेर सोडायच्या तीन वाटा दिलेल्या असतात. पहिली रोजची, म्हणजे वाफनळी आणि तिच्यावर बसणारं शिट्टीचं वजन. आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोवर गेला की वजन उचललं जातं आणि शिट्टी होते. या दाबाला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. दुसरी वाट सेफ्टी व्हॉल्व्हची. त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. कुकर कोरडा पडला किंवा नळी बंद होऊन आतली उष्णता फार चढली की हा धातू वितळतो आणि वाफेला भोक मोकळं होतं. तिसरी वाट खुद्द गास्केटची. अनेक कुकरांच्या झाकणाच्या कडेला एक खिडकी कापलेली असते. दाब बेसुमार वाढला तर रबर त्या खिडकीतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ बाजूने निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी हा कुकर एकदा कोरडा पडला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. आठवडी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने त्या जागी पितळी स्क्रू आणि वॉशर घट्ट बसवून दिला. वाफ गळायची थांबली, कुकर ‘दुरुस्त’ झाला आणि दुसरी वाट कायमची बंद झाली.

नंतर गास्केट गळू लागलं. मुठीच्या बाजूने सुस्कारे टाकत वाफ निघायची आणि शिट्टी उशिरा व्हायची. सहा-आठ महिने तसंच चाललं. गेल्या आठवड्यात बाजारातून नवं रबर आणलं, जुन्याशी घेर जुळवून, पण कंपनी न पाहता. ते थोडं जाड होतं. झाकण फिरेना, तेव्हा मुठीवर वरवंट्याने हलकेच ठोकून ते बसवलं. असं जाड आणि ताठ रबर खिडकीतून बाहेर पडत नाही. तिसरी वाटही गेली.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. जुनं रबर गळत होतं, तेव्हा नळी अर्धी बंद असल्याचं कोणाला कळलं नाही, कारण वाफ काठावरून निघून जात होती. शिट्टी उशिरा होण्याचा सगळा दोष रबरावर गेला. नवं रबर बसलं आणि वाफेला जायला फक्त ती अर्धी बंद नळी उरली. म्हणूनच गळणारं गास्केट बदललं की त्याच दिवशी नळीही साफ करायची. एक बिघाड दुसऱ्याला झाकून ठेवतो आणि झाकणारा दूर केला की खरा धोका सुरू होतो.

त्या संध्याकाळचा क्रम

साडेसहाच्या सुमारास मुलीने अर्धा किलो डाळ दोनदा धुऊन कुकरमध्ये घातली. त्यात पावणेतीन लिटर पाणी, हळद आणि अर्धा चमचा सोडा. आतली पातळी तीन लिटरच्या वर गेली. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ, तांदूळ किंवा फेसाळणारं काहीही पाण्यासकट अर्ध्यावर, म्हणजे अडीच लिटरवर जाऊ नये. वरची मोकळी जागा वाया जात नाही, ती फेसासाठीच ठेवलेली असते. इथे ती जागा कमी होती आणि सोड्याने फेस जास्त होता.

झाकण लावल्याबरोबर तिने वजनही बसवलं. नळीतून वाफ सुरू होते की नाही हे पाहायची संधी तिथेच गेली.

बारा-तेरा मिनिटांनी पहिली शिट्टी झाली, पण ती कोरडी नव्हती. पिवळं पाणी फसफसून झाकणावर सांडलं. ही पहिली खूण. शिट्टीतून वाफेबरोबर डाळीचं पाणी येतं, तेव्हा फेस नळीपर्यंत चढलेला असतो आणि फोलपटंही त्याच्यासोबत वर आलेली असतात. दोन-तीन मिनिटांनी दुसरी शिट्टी झाली, अर्धवट, घुसमटल्यासारखी. मग काहीच नाही. ही दुसरी खूण.

तुराट्यांचा जाळ तोवर बसत आला होता. मुलीला वाटलं आच कमी पडली, म्हणून तिने आणखी मूठभर तुराट्या सारल्या. जाळ पुन्हा चढला. वजन हललं नाही, पण मुठीच्या बाजूने काठाशी पिवळे बुडबुडे आणि बारीक सूं असा आवाज येऊ लागला. ही तिसरी खूण, आणि सगळ्यांत बोलकी. नळीतून वाफ येत नाही आणि काठातून येते, याचा अर्थ आत दाब भरपूर आहे आणि तो दुसरीकडून वाट शोधतो आहे.

भाऊ म्हणाला, “शिट्टी काऊन नाही होऊन रायली?”

मुलीने सांडशीने वजन उचललं. एक थेंब ओघळला, वाफ आली नाही. तिने कुकर फडक्याने धरून खाली उतरवला आणि पाच-सहा मिनिटं तसाच ठेवला. पुन्हा वजन उचललं. वाफ नाही. “वाफच नाही, मंग का अडकलं?” असं म्हणत तिने झाकण फिरवायला घेतलं. ते फिरेना. नवं रबर घट्टच बसतं हे आठवडाभर घरात सगळे बोलत होते, म्हणून तिला नवल वाटलं नाही. भावाने खालची मूठ धरली, तिने वरची ओढली, आणि झाकण सुटलं.

झाकण तिच्या हनुवटीला लागून बाजूला पडलं. डाळ उजव्या हातावर, छातीवर आणि गळ्यावर उडाली, थोडी भावाच्या पायावर.

वाफ का आली नाही, आणि झाकण का सुटलं

वजन उचलल्यावर वाफ न येण्याची कारणं दोन असतात. एक, आत दाब उरलेला नाही. दोन, नळी बंद आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून वाफ न येणं हा दाब उतरल्याचा पुरावा ठरतो तो फक्त नळी मोकळी असल्याची खात्री असेल तेव्हाच. ज्या कुकरची शिट्टी अपेक्षेप्रमाणे झालेली नाही, त्याच्या बाबतीत ही खात्री उरत नाही, आणि वजन उचलून पाहण्याच्या परीक्षेला तिथे काही अर्थ नाही. घरोघरी ‘शिट्टी उचल, वाफ नाही तर उघड’ एवढंच शिकवतात. ते शिकवणं अर्धवट आहे.

आता झाकण. पाच लिटरच्या कुकरचं तोंड साधारण वीस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. पूर्ण दाबाला झाकणावर तीनशे किलोंहून जास्त जोर असतो. उतरवून ठेवल्यावर दाब अर्ध्यावर आला असं धरलं, तरी दीडशे किलो उरतात. मग एका मुलीच्या हाताने झाकण फिरलं कसं? हा जोर झाकणाला वर ढकलतो, आडवं फिरवायला मात्र फक्त खाचांमधलं घर्षण मोडावं लागतं. त्यात मूठ लांब, म्हणजे ती तरफेचं काम करते. अशा दाबाला मुठीच्या टोकाशी बारा-पंधरा किलोंचा जोर पुरतो, आणि दोन भावंडांनी मिळून लावला तर तो सहज लागतो. खाचा झिजलेल्या असतील तर त्याहून कमी. म्हणजे झाकण ‘थोडं घट्ट’ वाटतं, तेव्हाही त्याखाली माणसाच्या वजनापेक्षा जास्त जोर असू शकतो.

उडतं झाकण लागतं ते एकदाच. खरं भाजणं डाळीने होतं. दाबाखाली ११० अंशांवर असलेलं पाणी झाकण निघताच द्रवरूपात राहू शकत नाही. पावणेतीन लिटरपैकी पन्नासेक ग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं, आणि तेवढ्या पाण्याची वाफ ऐंशी लिटरांहून जास्त जागा मागते. ही वाफ डाळीच्या पोटातच तयार होते, त्यामुळे सगळी डाळ उसळून बाहेर येते. पाणी अंगावरून ओघळून जातं, वरण चिकटून राहतं आणि चिकटलेल्या जागी बराच वेळ उष्णता देत राहतं. म्हणून उकळत्या पाण्याच्या मानाने डाळीचं भाजणं खोल जातं.

इथे सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल एक खुलासा करायला हवा. मूळ व्हॉल्व्ह आणि बरोबर गास्केट असतं, तर हा अपघात टळलाच असता असं नाही. ही दोन्ही साधनं नेहमीच्या दाबाच्या बरंच वर गेल्यावर काम करतात. ती कुकर फुटण्यापासून वाचवतात, आत दाब असताना झाकण ओढणाऱ्याला वाचवत नाहीत. उलट, नळी बंद असताना काठातून वाफ गळली नसती आणि मुलगी तुराट्या सारत राहिली असती, तर खऱ्या अर्थाने स्फोट होऊ शकला असता. तेव्हा मात्र त्या पितळी स्क्रूचा हिशेब लागला असता.

आत सरकवून बसणाऱ्या लंबगोल झाकणाच्या कुकरमध्ये दाब झाकणाला आतूनच काठावर दाबून धरतो, त्यामुळे दाब असताना ते हाताने उघडत नाही. नवशिक्यासाठी तो प्रकार अधिक बरा. पण नळी चोंदली तर धोका त्यालाही आहे, आणि झाकणावर काही ठोकून ते आत ढकलायचा प्रयत्न केला तर डाळ तशीच अंगावर येते.

भाजल्यावर

शेजारची काकू धावत आली ती टूथपेस्ट घेऊन. ती लावू दिली नाही हे चांगलं झालं. पेस्ट, शाई, तूप, हळद यांनी उष्णता आत कोंडते आणि पुढे दवाखान्यात ते खरवडून काढावं लागतं.

करायचं ते असं. डाळ लागलेला कपडा लगेच काढायचा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, त्याभोवती कापायचं. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं ताबडतोब उतरवायचं, कारण तासाभरात सूज येते आणि मग ते कापावं लागतं. भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी वीस मिनिटं वाहतं ठेवायचं. नळ नसेल तर तांब्याने सतत ओतायचं, आणि बोअरचं खारं पाणीही चालतं. चिकटलेली डाळ पाण्यानेच सुटू द्यायची. बर्फ लावायचा नाही, फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैलसर टाकून झाकायचं आणि बाकीचं अंग उबदार ठेवायचं.

जखम किती मोठी हे भाजलेल्या माणसाच्याच तळहाताने मोजता येतं. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. चेहरा, डोळे, गळा, हाताचा पंजा, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, कातडी पांढरी पडून दुखेनाशी झाली असेल, किंवा भाजलेलं लहान मूल असेल, तर टक्केवारी मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि पाणी ओतणं चालू ठेवायचं. या मुलीचा गळा आणि छाती भाजली होती, म्हणजे तिला रुग्णालयात नेणं गरजेचंच होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही तिथे सांगायचं.

दुसऱ्या दिवशी झाकणात काय सापडलं

झाकण उजेडाकडे धरलं तर वाफनळीतून उजेड दिसायला हवा. दिसला नाही. सुई घातली तेव्हा आधी तुरीचं फोलपट निघालं, मग त्यामागे चुनखडीसारखा पांढरा थर. शिट्टीचं वजन उलटं केलं तर त्याच्या आतल्या खोबणीतही वाळलेली डाळ. बहुतेक घरांत वजन वरून धुतलं जातं, आतून नाही. खिडकीजवळचं रबर जागचं हललेलंही नव्हतं. झाकणाच्या खाचांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. खाचा झिजलेला कुकर दुरुस्त करू नये, मोडीत काढावा, आणि नवा घेताना आयएसआय चिन्ह पाहून घ्यावा. आपल्याकडे घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे.

पहिल्यांदा कुकर लावणाऱ्याने

सगळ्यांत उपयोगी सवय एकच सांगायची झाली तर ती ही: वजन आधी बसवायचं नाही. झाकण लावायचं, आच द्यायची आणि नळीतून वाफेची सरळ, अखंड धार येईपर्यंत थांबायचं. धार आली म्हणजे नळी मोकळी आहे हे डोळ्यांनी दिसलं. मगच सांडशीने वजन बसवायचं. आतलं पाणी उकळलेलं आवाजावरून कळतं आहे आणि तरी धार येत नाही, तर वजन बसवायचंच नाही, जाळ काढायचा आणि कुकर गार झाल्यावर नळी पाहायची. या पाच मिनिटांच्या धीराने त्या संध्याकाळचं सगळं तिथेच थांबलं असतं.

झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून पाहायचीच. थर दिसत असेल तर झाकणाचं गास्केट काढून नळीचा भाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा, मग जाड सुईने मोकळी करून दोन्ही बाजूंनी पाणी सोडायचं. ॲल्युमिनियम त्यात रात्रभर ठेवू नये, आंबट पाणी धातूला खातं.

डाळ अर्धा तास भिजवून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली की फोलपटं बरीच वर येतात आणि ओतून देता येतात. सोडा टाकू नये. डाळ शिजत नसेल तर बोअरऐवजी योजनेचं किंवा जारचं गोडं पाणी शिजवण्यापुरतं वापरावं, इलाज तोच आहे. चमचाभर तेलाने फेस कमी होतो, पण त्यावर विसंबून कुकर जास्त भरू नये. पाहुणे असतील तर डाळ दोन वेळा लावावी. नवशिक्यासाठी याहून सोपा मार्ग म्हणजे डाळ कुकरच्या डब्यात झाकण ठेवून शिजवणं आणि तळाला दोन पेले पाणी. मग फेस आणि फोलपटं डब्यातच राहतात, नळीशी पोचत नाहीत. अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवतात तिथेही हेच करावं, कारण ओलं पान नळीच्या तोंडावर चपखल बसतं आणि कण्यांची खळ वरून लिंपते.

चूल आणि कुकर ही जोडी मुळात शिकणाऱ्यासाठी चांगली नाही. गॅस थोडा जरी असला तरी तो कुकरला वापरावा आणि भाकरी चुलीवर कराव्यात, उलट करू नये. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. शिट्ट्यांची संख्या वाढवून डाळ लवकर शिजत नाही, फेस तेवढा वर चढतो.

गास्केट घेताना जुनं रबर हातात न्यावं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे झाकणावरचं कंपनीचं नाव आणि लिटर सांगून त्याच कंपनीचं घ्यावं. रोज वापर असेल तर ते वर्षाला बदलावं, चुलीवरच्या कुकरचं त्याआधीच. दुमडून पाहिलं की भेगा दिसतात, नखाने दाबलं की खूण राहते, झाकणात घातलं की सैल लोंबतं, यातलं काहीही दिसलं तर ते संपलं. काठाला कणीक लावून किंवा रबराखाली दोरा घालून वाफ अडवायची नाही. नवं रबर बसवल्यावर झाकण हाताने फिरलं पाहिजे, वरवंटा लागत असेल तर ते रबर चुकीचं आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवाच बसवायचा. स्क्रू, डाग किंवा एम-सील यांपैकी काहीही तिथे चालत नाही.

गास्केट, व्हॉल्व्ह किंवा वजन, काहीही बदललं की पहिल्यांदा नुसत्या पाण्यावर चाचणी घ्यावी. दोन पेले पाणी घालून झाकण लावायचं, धार आली की वजन बसवायचं आणि पहिली शिट्टी किती मिनिटांत होते ते घड्याळात पाहून भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं. तो त्या कुकरचा आणि त्या आचेचा आकडा. पुढे डाळ लावली की आत पाणी जेवढं जास्त तेवढा वेळ जास्त लागेल, पण त्या मानानेही फार वेळ झाला आणि शिट्टी नाही, तर आच कमी पडली असं म्हणून जळण सारायचं नाही.

अशा वेळी करायचं ते इतकंच. गॅस असेल तर बंद करायचा. चूल असेल तर जळत्या तुराट्या लांब चिमट्याने ओढून काढायच्या आणि निखारेही उलथण्याने बाहेर सारायचे. चुलीत पाणी ओतायचं नाही. कुकर उचलायचा नाही, हलवायचा नाही, वजनाला टिचकी मारायची नाही, नळीत सुई तर मुळीच घालायची नाही. मुलांना घेऊन स्वयंपाकघराबाहेर यायचं. भरलेला कुकर दाबाखालून उतरायला आच काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. नळी बंद असल्याचा संशय असेल तर तासभर, आणि त्यानंतरही कुकरच्या पोटाला हात लावून तो कोमट नव्हे, गार लागेपर्यंत थांबायचं.

कुकर पूर्ण गार झाला तरी झाकण अडकलेलं असू शकतं. घाबरायचं कारण नाही, आणि ओढायचंही नाही. नळी बंद असताना आतल्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. गार कुकरच्या नळीत आता सुई घालायची. फोलपट निघालं की हवा आत जाण्याचा बारीक आवाज येतो आणि झाकण दोन बोटांनी फिरतं.